मार्कअप आणि मार्जिन (खरेदीवरचा नफा व विक्रीवरचा नफा)

एकाच विक्रीतला नफा शेकड्यात सांगण्याच्या या दोन रीती आहेत. नफ्याला खरेदी किमतीने भागले की मार्कअप निघतो आणि त्याच नफ्याला विक्री किमतीने भागले की मार्जिन निघते. 80 रुपयांना घेतलेली वस्तू 100 रुपयांना विकली तर नफा 20 रुपये. हे 20 रुपये 80 च्या मानाने 25 टक्के आहेत आणि 100 च्या मानाने 20 टक्के. रुपये तेच राहतात, फक्त ते कशाच्या मानाने मोजायचे हे बदलते. नफ्याच्या विक्रीत विक्री किंमत खरेदीपेक्षा मोठीच असते, त्यामुळे मार्जिनचा आकडा मार्कअपपेक्षा नेहमी लहान येतो.

शाळेच्या अंकगणितात शेकडा नफा खरेदी किमतीवर काढायला शिकवतात, म्हणजे तो मार्कअप असतो. दुकानात मात्र ‘मार्जिन किती?’ असे विचारले की बहुतेक वेळा छापील किमतीवरची टक्केवारी अपेक्षित असते. दोन्ही बाजू ‘25 टक्के’ म्हणतात, दोघांचा हिशोब आपापल्या जागी बरोबर असतो आणि तरी व्यवहारात एकाचे पैसे कमी पडतात. खानदेशात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते उन्हाळी वाळवणाच्या धंद्यात. जळगाव, धुळे, नंदुरबार भागातले बचत गट बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया करतात व किराणा दुकानातून विकायला ठेवतात. त्यातलेच एक उदाहरण पुरते मांडून पाहू.

ज्वारीच्या बिबड्यांच्या पाकिटाचा हिशोब

अर्धा किलोच्या एका पाकिटाला ज्वारी, तीळ, लसूण, मिरची, जिरे, मीठ मिळून 34 रुपये, दळण आणि सरपण 6 रुपये, मजुरी 18 रुपये, पिशवी व लेबल 4 रुपये आणि दुकानापर्यंतचे भाडे 2 रुपये लागले असे धरू. पाकीट 64 रुपयांना पडले. (मजुरी घरच्या बायांचीच म्हणून ती धरायची नाही, ही चूक फार होते. ती न धरता काढलेला नफा हा नफा नसून थकलेली मजुरी असते.)

गट 64 वर 25 टक्के चढवतो. 16 रुपये मिळवले की दुकानदाराला द्यायचा भाव 80 रुपये होतो. दुकानदार म्हणतो, ‘मला 25 टक्के सुटले पाहिजेत.’ गट पुन्हा त्याच रीतीने 80 वर 25 टक्के, म्हणजे 20 रुपये, चढवतो आणि लेबलवर 100 रुपये छापून आणतो. गटाच्या वहीत सगळे जुळलेले असते.

दुकानदाराचा हिशोब वरून खाली येतो. छापील किंमत 100, त्यातले 25 टक्के आपले, म्हणून तो पाकिटामागे 75 रुपये हातावर ठेवतो. गटाला 80 ची अपेक्षा होती. पाकिटामागे 5 रुपये गेले आणि 16 रुपयांचा नफा 11 वर आला. किंमत शेकड्याला पाचच रुपये हललेली दिसते, पण गटाच्या नफ्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात जातो. पाचशे पाकिटांच्या हंगामात हे 2,500 रुपये होतात.

दुकानदाराने इथे कोणाला फसवलेले नाही. 75 ला घेऊन 100 ला विकताना त्याला खरेदीवर 33.33 टक्के मिळतात, म्हणून गटाला तो जास्त घेतो असे वाटते. विक्रीवर मात्र ते बरोबर 25 टक्केच आहेत. उलट गटाच्या म्हणण्याप्रमाणे 80 ला घेतले असते, तर त्याला विक्रीवर 20 टक्केच पडले असते.

छापील किंमत काढण्याची योग्य रीत अशी. गटाला 80 हातात हवेत आणि दुकानदाराला विक्रीचे 25 टक्के द्यायचे आहेत, म्हणजे हे 80 रुपये छापील किमतीचे उरलेले 75 टक्के असायला हवेत. 80 ला 0.75 ने भागले की 106.67 येतात. सोयीसाठी 110 छापले तर दुकानदाराचे 27.50 आणि गटाचे 82.50 होतात. 110 ला माल उठणार नाही असे वाटत असेल तर तो बाजाराचा प्रश्न आहे. मग गटाने आपला नफा किती कमी करायचा ते उघड्या डोळ्यांनी ठरवावे.

हा हिशोब लेबल छापण्याआधी करावा लागतो. छापील किमतीपेक्षा जास्त दर घेता येत नाही आणि छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीचा स्टिकर चिकटवता येत नाही. किंमत कमी करणारा स्टिकर चालतो. म्हणून चुकीच्या किमतीची हजार लेबले आली, तर ती संपेपर्यंत चूक अंगावर घ्यावी लागते किंवा लेबले टाकून द्यावी लागतात.

एकावरून दुसरे काढणे

मार्कअपला 100 अधिक मार्कअपने भागून 100 ने गुणले की मार्जिन मिळते. मार्जिनला 100 वजा मार्जिनने भागून 100 ने गुणले की मार्कअप मिळतो. तोंडी करायचे तर अपूर्णांक सोपे पडतात. मार्कअप एक चतुर्थांश असेल तर छेदात एक मिळवा, मार्जिन एक पंचमांश. खरेदीवर एक तृतीयांश म्हणजे विक्रीवर एक चतुर्थांश, खरेदीवर निम्मे म्हणजे विक्रीवर एक तृतीयांश आणि दामदुप्पट म्हणजे विक्रीवर निम्मे. उलट जाताना छेदातून एक वजा करायचा. अंशात एक असेल तेव्हा ही युक्ती चालते. दोन पंचमांशासारख्या मार्कअपला छेदात अंश मिळवावा लागतो, म्हणजे मार्जिन दोन सप्तमांश येते.

टक्केवारी लहान असली की फरक डोळ्यांत भरत नाही. खरेदीवर 2 टक्के म्हणजे विक्रीवर 1.96 टक्के. त्यामुळे ज्वारी, दादर, तूरडाळीच्या ठोक व्यापारात, जिथे क्विंटलमागे थोडक्या पैशावर माल फिरतो, तिथे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले तरी फारसे बिघडत नाही. कटलरी, बांगड्या, तयार कपडे, भेटवस्तू अशा मालात खरेदीवर 60 ते 100 टक्के चढवले जातात. तिथे 60 चे 37.5 होतात आणि 100 चे 50. मार्कअपला वरची मर्यादा नाही, तो 300 टक्केही असू शकतो. मार्जिन 100 टक्क्यांच्या खालीच राहते, कारण वस्तू फुकट मिळाली तरच विक्रीचा सगळा पैसा नफा होतो. म्हणून कोणी ‘आमचे मार्जिन 120 टक्के’ म्हणाले, तर तो मार्कअप सांगत आहे हे निश्चित समजावे.

संगणकावरच्या तक्त्यात खरेदी किंमत `B2` मध्ये असेल तर दोन सूत्रे अशी लिहावीत. पहिले खरेदीवर 25 टक्के चढवते, दुसरे विक्रीवर 25 टक्के सोडते. खरेदी 80 असेल तर पहिल्याचे उत्तर 100 येते आणि दुसऱ्याचे 106.67.

```
=B2*(1+25%)
=B2/(1-25%)
```

कुठे कोणते वापरावे

भाव ठरवताना खरेदी हातात असते आणि विक्री किंमत अजून ठरायची असते, म्हणून तिथे मार्कअप सोयीचा. एकदा दुकान चालू झाले की रोज दिसतो तो गल्ला, म्हणजे विक्री. गल्ल्यातून खर्च भागतो का हे पाहायला मार्जिनच लागते. समजा भाडे, वीज, पगार मिळून महिन्याला 30,000 रुपये लागतात आणि दुकानदार खरेदीवर 25 टक्के चढवतो. त्याने 30,000 ला 25 टक्क्यांनी भागले तर 1,20,000 ची विक्री पुरेशी वाटते. प्रत्यक्षात मार्जिन 20 टक्के आहे, म्हणून 1,20,000 वर 24,000 सुटतात आणि महिन्याला 6,000 घरातून घालावे लागतात. खर्च भागायला विक्री 1,50,000 ची हवी.

सवलतीच्या वेळी हीच चूक जास्त महाग पडते, कारण सवलत विक्री किमतीवर दिली जाते. 100 च्या साडीवर 30 टक्के चढवून 130 ची चिठ्ठी लावली आणि सणाला 30 टक्के सूट जाहीर केली, तर 39 रुपये सुटून साडी 91 ला जाते. चढवलेले आणि सोडलेले टक्के सारखे असूनही 9 रुपये पदरचे गेले. तोटा न होता देता येणारी सूट मार्जिनइतकीच असते, इथे 23 टक्क्यांच्या किंचित वर.

वर्षअखेरीच्या साठ्यातही या गोंधळाचा माग लागतो. विक्रीवरून विकल्या मालाची खरेदी किंमत काढायची आणि सुरुवातीचा साठा अधिक खरेदी यातून ती वजा करून शिल्लक किती असावी हे ताडायचे, अशी रीत अनेक दुकानांत आहे. खरेदीवर 25 टक्के चढवणाऱ्या दुकानात 4,00,000 ची विक्री झाली तर विकलेला माल 4,00,000 भागिले 1.25, म्हणजे 3,20,000 चा होता. कोणी विक्रीतून सरळ 25 टक्के कापले तर उत्तर 3,00,000 येते आणि कागदावर 20,000 चा जास्त माल शिल्लक दिसतो. कपाटात तो सापडत नाही आणि संशय दुकानातल्या पोरावर जातो. तूट विक्रीच्या बरोबर 5 टक्के, म्हणजे मार्कअप आणि मार्जिन यांतल्या फरकाइतकीच असेल, तर कोणाला बोलण्याआधी आधी भागाकार तपासावा. खरी चोरी किंवा नासाडी इतकी नेमकी सहसा येत नाही.

जीएसटी लागणाऱ्या मालात आणखी एक काळजी घ्यावी लागते. छापील किमतीत कर धरलेला असतो. 5 टक्के कराचे मिरची पुडीचे पाकीट 105 ला विकले तर दुकानदाराची विक्री 100 ची, 5 सरकारचे. तेच त्याने कर सोडून 75 ला घेतले असेल तर मार्जिन 25 टक्के. 105 मधून 75 वजा करून 30 रुपये सुटले असे धरले, तर मार्जिन 28.57 टक्के दिसते आणि ते खोटे असते. नोंदणी असलेल्या आणि खरेदीवरच्या कराची वजावट मिळणाऱ्या दुकानदाराने दोन्ही किमती कर सोडून घ्याव्यात. ज्याची नोंदणीच नाही त्याला ही वजावट मिळत नाही. त्याला पाकीट करासह 78.75 ला पडते आणि तीच त्याची खरेदी किंमत.