‘कृपया माझं नाव वगळा’ ही विनंती चुकीच्या दारात का जाते

ऑफिसात कुणीतरी चुकून अख्ख्या कंपनीला मेल टाकतो. पाच मिनिटांत पहिलं उत्तर येतं, ‘मला या यादीतून वगळावे ही विनंती’. तेही सगळ्यांना. भाषा अगदी सभ्य असते, पण ज्यांना ती पोचते त्यांतल्या बहुतेकांच्या हाती नाव काढण्याचं काहीच नसतं. माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास एवढाच आहे. विनंती कशी करायची हे लोकांना ठाऊक होतं, कोणाकडे करायची हे ठाऊक नव्हतं.

१९८०च्या दशकात बिटनेट नावाचं विद्यापीठांचं जाळं होतं. तिथल्या मेलच्या पहिल्या याद्या माणसं हाताने सांभाळायची. नाव घालायचं वा काढायचं तर सांभाळणाऱ्याला लिहायचं आणि त्याला सवड मिळेपर्यंत थांबायचं. १९८६ साली एरिक थॉमस या पॅरिसमधल्या विद्यार्थ्याने हे काम लिस्टसर्व नावाच्या प्रोग्रॅमकडे दिलं. त्यात दोन पत्ते वेगळे होते: यादीचा पत्ता, तिथे लिहिलेलं सगळ्यांना जायचं, आणि प्रोग्रॅमचा पत्ता, तिथे फक्त हुकूम पाठवायचा. बाहेर पडायचा हुकूम एका ओळीचा, यादीच्या नावासह:

```
SIGNOFF listname
```

हा हुकूम पत्राच्या मजकुरात लिहायचा. विषयाच्या ओळीकडे प्रोग्रॅम बघतच नसे. गंमत म्हणजे इथे अदब नडायची. ‘Please’ने सुरुवात केली, की असा हुकूम मला माहीत नाही, असं उत्तर यायचं. वैतागलेला माणूस मग यादीच्याच पत्त्यावर लिहायचा, आणि त्याचं वैतागणं शेकडो अनोळखी लोकांच्या पेटीत जाऊन पडायचं.

या चुकीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या आतच घडलं, १९९७च्या ऑक्टोबरमध्ये. तिथे ‘बेडलम डीएल३’ नावाची चाचणीसाठी केलेली यादी होती आणि तिच्यात सुमारे १३ हजार कर्मचारी होते. आपण या यादीत आहोत याची त्यांना कल्पनाच नव्हती. एकाचं त्याकडे लक्ष गेलं. आपण इथे का आहोत, आपलं नाव काढा, असं त्याने यादीलाच लिहिलं. लगेच ‘मलाही’ म्हणणारे आले. मग सगळ्यांना उत्तर देऊ नका, असं सगळ्यांनाच उत्तर देणारे आले. हे शेवटचे लोक मला सगळ्यात आवडतात, कारण आपणच आग विझवतोय अशी त्यांची खात्री असते.

हिशोब करून बघा. एका उत्तराच्या १३ हजार प्रती निघतात. म्हणजे हजार-बाराशे उत्तरं झाली, की दीड कोटी पत्रं तयार. तासाभरात तेवढीच पत्रं आणि १९५ गिगाबाइट मजकूर सर्व्हरवर आदळला, असं सांगितलं जातं. सर्व्हर कोलमडत राहिले, कारण प्रत्येक पत्रासोबत १३ हजार जणांची यादीही प्रवास करत होती. ‘मलाही’ हा शब्द लहान होता, त्याच्या पाठीवरचं ओझं नव्हतं.

त्यानंतर उपाय शोधला गेला तो लोकांना शहाणं करण्याचा नव्हे, तर विनंतीला योग्य दार दाखवण्याचा. १९९८ साली मेलच्या शीर्षभागात एक ओळ घालायची प्रथा ठरली. ती वाचकाला सहसा दिसत नाही, पण मेलचं ॲप ती वाचतं:

```
List-Unsubscribe: <https://example.org/u/123>
```

जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाजवळ ‘Unsubscribe’ दिसतं, ते याच ओळीतून येतं. २०१७मध्ये एका टिचकीत काम व्हावं म्हणून तिला जोड मिळाली. २०२४पासून, जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातींच्या वा नाव नोंदवून मिळणाऱ्या मेलमध्ये ती सोय द्यावीच लागते आणि नाव दोन दिवसांत काढावं लागतं.

मात्र ऑफिसच्या अंतर्गत यादीला अशी ओळ बहुधा नसते, म्हणून तिथे जुनी चूक अजून जिवंत आहे. मायक्रोसॉफ्टने २०२०मध्ये आपल्या मेल सेवेत वेगळाच बांध घातला. पाच हजारांहून जास्त लोकांच्या धाग्यात तासाभरात ‘सगळ्यांना’ अशी दहा उत्तरं आली, की पुढची उत्तरं तेव्हा चार तास अडवली जायची. पाचशे जणांच्या ऑफिसला मात्र या आकड्यांचा उपयोग नाही. तिथे मूळ मेलवर नुसतं ‘Reply’ दाबून पाठवणाऱ्याला, किंवा वेगळ्या मेलने यादी सांभाळणाऱ्याला, एकट्याला लिहायचं, ‘हा धागा माझ्या कामाचा नाही, कोणत्या यादीमुळे मला येतोय ते बघाल का?’. यादीचं नाव बहुधा ‘To’ किंवा ‘Cc’मध्ये दिसतं, तेही सोबत द्यायचं, नाहीतर काढणाऱ्याला शोधतच बसावं लागतं.

व्हॉट्सॲपवर गोष्ट उलटी होती. तिथे दार प्रत्येकाच्या हाती, पण आवाज करणारं. सोसायटीच्या किंवा भाचीच्या लग्नाच्या ग्रुपमधून बाहेर पडलं, की ‘left’ची पाटी सगळ्यांना दिसायची आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी विचारायचंच, ‘काय हो, राग आला का?’. २०२२पासून ही खबर फक्त ॲडमिनला जाते. तरी मागच्या साठ दिवसांत कोण गेलं, ते ग्रुपच्या माहितीत शोधणाऱ्याला सापडतंच, आणि आमच्याकडे शोधणाऱ्या मावश्या आहेत.