चौरस पिरॅमिडचे एकूण पृष्ठफळ

चौरस तळाच्या पिरॅमिडला (शालेय गणितात चौकोनी सूची) पाच पृष्ठे असतात: तळाचा एक चौरस आणि वर एकाच शिरोबिंदूत मिळणारे चार त्रिकोण. शिरोबिंदू तळाच्या मध्यबिंदूच्या बरोबर वर असेल, तर हे चारही त्रिकोण एकरूप असतात. तळाची बाजू a आणि तिरकस उंची l घेतली, तर प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ ½ × a × l होते. चार त्रिकोणांचे मिळून 2al होते, त्यात तळ मिळवला की

एकूण पृष्ठफळ = a² + 2al

सूत्र एवढेच आहे. चूक होते ती l च्या जागी काय घालायचे, यात.

पिरॅमिडवर तिरक्या दिसणाऱ्या दोन लांब्या असतात. शिरोबिंदूपासून तळाच्या कोपऱ्यापर्यंत उतरते ती बाजूची कड, e. शिरोबिंदूपासून तळाच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंत, त्रिकोणी पृष्ठाच्या मधोमध उतरते ती तिरकस उंची, l. कड ही प्रत्यक्ष धार असल्याने हाताला लागते आणि आकृतीत ठळक दिसते. तिरकस उंचीची रेघ मात्र पृष्ठावर आखलेली नसते, ती आपल्याला कल्पावी लागते. त्यामुळे 'तिरकी लांबी' म्हटले की डोळा कडेवर जातो. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला मात्र पायाला लंब असलेली उंची लागते. कड पायाला लंब नसते, म्हणून ती तिथे चालत नाही.

दोन्हींचा संबंध एकाच पृष्ठावर दिसतो. समद्विभुज त्रिकोण मधोमध कापला की काटकोन त्रिकोण मिळतो. त्याचा कर्ण e, एक बाजू l आणि दुसरी a/2. म्हणून e² = l² + (a/2)². पिरॅमिडची उभी उंची h दिली असेल, तर काटकोन त्रिकोण पिरॅमिडच्या पोटात धरायचा: l² = h² + (a/2)². या दोन्हींवरून e नेहमी l पेक्षा मोठी आणि l नेहमी h पेक्षा मोठी, हा क्रम ठरतो. उत्तरात तो उलटा आला, तर कुठेतरी अदलाबदल झाली आहे असे समजावे.

तळाची बाजू १० सेमी आणि 'तिरकी लांबी १३ सेमी' असे घेऊ. १३ ही तिरकस उंची असेल, तर पृष्ठफळ १०० + २ × १० × १३ = ३६० चौसेमी आणि उभी उंची १२ सेमी. १३ ही कड असेल, तर आधी l काढावी लागते: १६९ − २५ = १४४, म्हणजे l = १२ सेमी. मग पृष्ठफळ १०० + २४० = ३४० चौसेमी, आणि उभी उंची √११९, म्हणजे सुमारे १०.९ सेमी. आकडे तेच असूनही हे दोन वेगळे पिरॅमिड आहेत. पुठ्ठ्यातून दोन्ही कापून घडवले, तर दुसरा ठेंगणा निघतो. (१२ हा आकडा एकीकडे उभी उंची आणि दुसरीकडे तिरकस उंची म्हणून येतो. परीक्षकांना हे उदाहरण आवडावे, यात नवल नाही.)

कड चुकून वापरली, तर उत्तर नेहमी जास्तच येते, पण किती जास्त ते आकारावर ठरते. उंच, निमुळत्या पिरॅमिडमध्ये e आणि l जवळजवळ सारख्या असतात, त्यामुळे चूक झाकली जाते. आकार जितका बसका, तितकी चूक मोठी. १० मीटर बाजूच्या चौरसावर मध्यभागी फक्त १ मीटर उचललेले छप्पर घेतले, तर l सुमारे ५.१ मीटर आणि e सुमारे ७.१४ मीटर येते. कडेवरून पत्र्याचा हिशेब केला, तर तो ४० टक्के जास्त निघेल. इथे तळही मोजायचा नसतो, कारण छपराला खालून पत्रा लागत नाही.

गिझा येथील खुफूच्या पिरॅमिडची तळाची बाजू सुमारे २३०.३ मीटर, तर मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर होती. त्यावरून तिरकस उंची सुमारे १८६.४ मीटर आणि कड सुमारे २१९.१ मीटर येते. चार उतारांचे क्षेत्रफळ २ × २३०.३ × १८६.४, म्हणजे साधारण ८५,९०० चौरस मीटर. कड वापरली तर आकडा १,००,९०० पर्यंत जातो. बाहेरून चुनखडीचा गुळगुळीत थर चढवलेल्या या वास्तूच्या हिशेबात तो सुमारे १५,००० चौरस मीटर दगड फुकट वाढवेल.

प्राचीन इजिप्तचे लेखनिक उतार मोजताना कोपऱ्याकडे जात नसत. ऱ्हाइंड पपायरसमधल्या ५६ व्या उदाहरणात ३६० हात बाजू आणि २५० हात उंची देऊन 'सेकेद' विचारला आहे. सेकेद म्हणजे एक हात उंची चढताना उतार किती आत सरकतो, ते माप. त्यासाठी अर्धी बाजू १८० घेऊन तिला २५० ने भागतात. एका हाताच्या सात मुठी धरल्या, की उत्तर ५ १/२५ मुठी येते. अर्धी बाजू आणि उभी उंची घेणारा हा त्रिकोण म्हणजे वरचाच, l कर्ण असलेला. कडेसाठी अर्धी बाजू नव्हे, तर तळाचा अर्धा कर्ण घ्यावा लागला असता: e² = h² + a²/2.

शिरोबिंदू मध्यावर नसेल, तर वरचे सूत्र लागू होत नाही. १० सेमी बाजूच्या तळाच्या एका कोपऱ्यावर १२ सेमी उंच शिरोबिंदू ठेवला, तर दोन पृष्ठे उभी राहतात आणि त्यांचे क्षेत्रफळ प्रत्येकी ६० चौसेमी होते. उरलेल्या दोन पृष्ठांची तिरकस उंची √२४४, सुमारे १५.६ सेमी. त्यांचे क्षेत्रफळ प्रत्येकी सुमारे ७८.१ चौसेमी आणि एकूण पृष्ठफळ सुमारे ३७६.२ चौसेमी. अशा वेळी प्रत्येक पृष्ठाची स्वतःची उंची काढूनच बेरीज करावी लागते.