तिखट जेवणानंतर शौचाच्या वेळी होणारी आग

खूप तिखट जेवण झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शौचाच्या वेळी गुदद्वाराशी होणारी जळजळ. नागपुरात सावजी रस्सा किंवा तर्री-पोहे खाल्ल्यावर अनेकांना हा अनुभव येतो. मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. त्यामुळे रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तर्रीत तिखट एकवटलेले असते आणि तर्री जास्त घेणाऱ्याला त्रासही जास्त होतो.

जठर आणि लहान आतडे बरेचसे कॅप्सायसिन शोषून घेतात, पण सगळे नाही. उरलेले मोठ्या आतड्यात उतरते. वाटेत ते आतड्याच्या नसांना चेतवते, त्यामुळे आतड्याची हालचाल वाढून शौच पातळ आणि घाईची होऊ शकते. अशा वेळी शोषणाला वेळही कमी मिळतो.

आग जाणवते ती शेवटच्या टप्प्यावर. गुदमार्गाच्या आत, बाहेरच्या कडेपासून सुमारे दोन सेंटिमीटरवर, दंतुर रेषा नावाची सीमा असते. तिच्या वरच्या भागातल्या नसा ताण आणि भरल्याची जाणीव देतात, पण नेमकी जागा दाखवत नाहीत. खालच्या भागाला मात्र बाहेरच्या त्वचेसारख्याच संवेदनशील नसा आहेत. म्हणून पोटात नुसती कुरकुर करणारे तिखट इथे येऊन झोंबते.

या नसांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचा ग्राहक, म्हणजे उष्णता टिपणारी प्रथिनाची झडप, असतो. तो एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतो, म्हणजे भाजण्याची सूचना देणे हे त्याचे काम. कॅप्सायसिन त्याला चिकटले की हा उंबरठा शरीराच्या तापमानाखाली येतो. मग ३७ अंशांची नेहमीची ऊबही मेंदूला चटक्यासारखी कळते. कॅल्शियम आणि सोडियमचे आयन नसेत शिरतात, वेदनेचा संदेश निघतो. प्रत्यक्षात मात्र काहीच भाजलेले नसते. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राहक १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून उपायही कळतो. गार पाण्याने धुतल्यास बरे वाटते, गरम पाण्याने आग वाढते. साबण चोळू नये. शौचाआधी कडेला खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावला, तर तिखट थेट त्वचेला कमी लागते. रोज तिखट खाणाऱ्यांना त्रास कमी होतो, कारण वारंवार चेतवलेल्या नसा काही काळ मंद प्रतिसाद देतात. बरेच दिवस साधे जेवण झाले, की ही सवय उतरते.

ही आग सहसा काही वेळात शमते. शौच होताना चिरल्यासारखे दुखून ते तासन्‌तास टिकत असेल आणि लाल रक्त दिसत असेल, तर गुदद्वाराला भेग पडलेली असू शकते. तिखटाने भेगेची आग वाढते, म्हणून लोक सगळा दोष मिरचीला देत बसतात आणि तपासणी लांबते. काळी, डांबरासारखी शौच वेगळी, ती आतल्या रक्तस्रावाची खूण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.