दोन रास्टर वजा केले आणि नसलेली दरड सापडली

एका डोंगराळ भागाचे दोन डीईएम माझ्याकडे होते, म्हणजे प्रत्येक सेलमध्ये त्या जागेची उंची लिहिलेले रास्टर. जुना ३० मीटर सेलचा, नवा १० मीटरचा. दोघांचं प्रोजेक्शन सेम, यूटीएमचा झोनही सेम. काम काय, तर नव्यातून जुना वजा करायचा आणि जिथे मोठा उणे आकडा येईल तिथे दरड कोसळली असं समजायचं. जीआयएसमधला रास्टर कॅल्क्युलेटर उघडला, दोघांचा जेवढा भाग एकमेकांवर येतो तेवढा एक्स्टेंट दिला, रन केलं, एरर नाही, काही नाही, छान रंगीत नकाशा आला.

नकाशात जवळपास प्रत्येक डोंगराची पश्चिमेची बाजू खचलेली आणि पूर्वेच्या बाजूवर भर पडलेली. सपाट जागी शून्याच्या आसपास. आणि नकाशाच्या साधारण एक तृतीयांशावर वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ, रेघेच्या डावीकडे सगळं भडक, उजवीकडे एकदम फिकं. निसर्ग अशी पट्टी लावून रेघ मारत नाही, तेव्हाच कळलं की गडबड डोंगरात नाही, ग्रिडमध्ये आहे.

आता फक्त पूर्व-पश्चिम दिशा घेऊ, उत्तर-दक्षिणचं गणित तसंच असतं. जुन्या रास्टरची पश्चिम कडा ५०००१० वर आणि पूर्व कडा ५०६०१० वर, नव्याची ५०२००५ ते ५०८००५. दोघांचा सामायिक पट्टा म्हणजे ५०२००५ ते ५०६०१०, रुंदी ४००५ मीटर. याला ३० ने भागलं की १३३.५ येतात. अर्धा कॉलम तर नसतोच ना, मी १३३ टाकले, आणि कॅल्क्युलेटरने गपचूप तेवढीच रुंदी १३३ भागांत वाटली. म्हणजे आउटपुटचा सेल ३० चा नाही, ३०.११ मीटरचा झाला. असा विचित्र सेल साइज दिसला की तिथेच थांबायचं, मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

पुढे काय होतं बघा. मॅप अल्जिब्रा म्हणजे सेलला सेल भिडवून केलेली बेरीज-वजाबाकी, त्यासाठी आउटपुटच्या प्रत्येक सेलला दोन्ही रास्टरमधून एकेक आकडा लागतो. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये तो नियर्स्ट पद्धतीने उचलतात: आउटपुट सेलचा मध्यबिंदू ज्या सेलमध्ये पडला त्याचा आकडा, बास. माझ्या पहिल्या कॉलमचा मध्य आला ५०२०२० च्या किंचित पुढे. जुन्या ग्रिडमध्ये ५०२०२० ही दोन सेलमधली सीमा आहे, बिंदू जरासा पलीकडे पडला म्हणून पलीकडचा सेल उचलला गेला, ज्याचा मध्य ५०२०३५ वर. नव्या ग्रिडमध्ये मात्र ५०२०२० हा बरोबर एका सेलचा मध्य. म्हणजे मी एका जागेच्या नव्या उंचीतून तिच्या १५ मीटर पूर्वेकडच्या जागेची जुनी उंची वजा करत होतो!

३० अंशाच्या उतारावर १५ मीटर बाजूला सरकलं की उंचीत साधारण ८.७ मीटरचा फरक पडतो (१५ गुणिले टॅन ३०). पूर्वेकडे चढत जाणाऱ्या उतारावर हा फरक उणे येतो, उतरत जाणाऱ्यावर अधिक. म्हणून पश्चिमेच्या बाजू खचल्यासारख्या आणि पूर्वेच्या फुगल्यासारख्या.

आणि ती रेघ? आउटपुटचा सेल ३० पेक्षा ११ सेंटिमीटर मोठा, त्यामुळे दर कॉलमला मध्यबिंदू तेवढा पुढे सरकत जातो. ४४ कॉलम झाले की एकूण सरक ५ मीटरच्या वर जाते आणि नव्या रास्टरमध्ये बिंदू शेजारच्या सेलमध्ये उडी मारतो, जुन्यात मात्र तो त्याच सेलमध्ये राहतो. मग दोघांतलं अंतर १५ वरून एकदम ५ मीटर होतं आणि खोटा फरक ८.७ वरून २.९ वर येतो. मला तर हे गणित जुळलं तेव्हा दरड सापडल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

उपाय सोपा आहे, पण आधी ठरवायला लागतं की कोणाची ग्रिड पाळायची. उंचीच्या फरकासाठी मी जाड्या सेलची घेतो. ३० मीटरच्या सेलचे नऊ तुकडे करून माहिती वाढत नाही, फक्त फाइल फुगते, आणि नियर्स्टने केले तर डोंगराला पायऱ्या पडतात. तर जुना रास्टर जागचा हलवायचा नाही आणि एक्स्टेंट त्याच्याच सेलच्या कडांवर बसवायचा. ५०२००५ नंतरची जुन्या ग्रिडची पहिली कडा ५०२०२०. तिथून ५०६०१० पर्यंत ३९९० मीटर, म्हणजे बरोबर १३३ सेल. डावीकडचे १५ मीटर सोडून द्यायचे, त्यांचा मोह नको.

```
gdalwarp -te 502020 2001030 506010 2006010 \
  -tr 30 30 -r average new.tif new30.tif
gdal_translate -projwin 502020 2006010 506010 2001030 \
  old.tif old_cut.tif
```

दुसऱ्या कमांडमध्ये फक्त कापाकापी आहे, जुन्याचा एकही आकडा बदलत नाही. पहिलीत `average` महत्त्वाचं. नियर्स्ट ठेवलं असतं तर ३० मीटरच्या चौकोनातल्या साधारण नऊ सेलपैकी एकाचाच आकडा घेतला असता आणि बाकीचे फेकून दिले असते. सरासरीत सगळे येतात, कडेवर अर्धे पडलेले अर्ध्या वजनाने. मग दोन्ही फाइलींवर `gdalinfo` चालवून `Size`, `Origin` आणि `Pixel Size` शेजारी शेजारी ठेवून बघायचे, तिन्ही तंतोतंत सारखे हवेत, नंतरच वजाबाकी. आर वापरणाऱ्यांचं बरं आहे, तिथे terra पॅकेज सरळ `extents do not match` म्हणून काम थांबवतं.

`gdalwarp` ला `-tap` लावलं की एक्स्टेंट आपोआप सेल साइजच्या पटीत बसतो, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. माझ्या जुन्या रास्टरच्या कडा ३० च्या पटीत होत्या म्हणून इथे चाललं असतं. लँडसॅटच्या ३० मीटरच्या सेलमध्ये मात्र ३० च्या पटीत मध्यबिंदू असतात, कडा नाही, म्हणून तिथे `-tap` लावलं की बरोबर अर्धा सेल सरकतो.

सरासरीही कुठेही लावायची नाही हं. जमिनीच्या वापराच्या रास्टरमध्ये आकडे म्हणजे नावं असतात. ईएसएच्या वर्ल्डकव्हरमध्ये १० म्हणजे झाडं, ३० म्हणजे गवत. अर्धी झाडं अर्धं गवत असलेल्या सेलची सरासरी २०, आणि २० म्हणजे त्यांच्याकडे झुडपं! जिथे एकही झुडूप नाही तिथे झुडपांचं रान उगवतं. अशा ठिकाणी `mode`, ज्याचे सेल जास्त त्याचं नाव.

जुळवून परत वजा केलं तेव्हा ती रेघ गेली, डोंगरांच्या बाजूही बऱ्याच शांत झाल्या, आणि खऱ्या दरडीचा एक डाग उरला, खाली ढिगाऱ्याच्या अधिक आकड्यासकट. दोन्ही बाजूंना थोडी छटा मात्र अजूनही दिसत होती. ती ग्रिड जुळवून जाणारी नव्हती. ग्रिड कितीही नीट बसवली तरी मुळात मोजतानाच एक डीईएम जागेवरून दोन-चार मीटर सरकलेला असेल तर तो तसाच राहतो. त्यासाठी स्थिर जमिनीवरचा फरक उताराच्या दिशेनुसार मांडून सरक शोधावी लागते, २०११ ची नुथ आणि काब यांची पद्धत त्यासाठी वापरतात, आणि ती सरक काढून मग रिसॅम्पलिंग परत मूळ फाइलवरूनच करायचं, एकदा सरासरी काढलेल्या `new30.tif` वरून नाही.