गाडी वाहतूकदाराची, मग लीज कुणाची?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली, शेअर बाजारात नोंदलेली एखादी फौंड्री घेऊ. कास्टिंग चाकणला पोचवायला तिने वाहतूकदाराशी पाच वर्षांचा करार केला. चार गाड्या, ड्रायव्हर आणि डिझेल वाहतूकदाराचं, बिलावर ‘वाहतूक खर्च’. अशा कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे लीजच्या, म्हणजे भाडेकराराच्या हिशेबाचं लेखामानक लागू आहे, आणि ते करारावर लिहिलेल्या नावाला विचारत नाही.

आधी करारामागची यादी उघडायची. तिथे एमएच-09 चे चार नंबर दिले असतील तर गाड्या ठरलेल्या आहेत. वाहतूकदार लगेच म्हणतो, ‘गाडी बदलायचा हक्क आमच्याकडे आहे की!’ पण बिघाड झाल्यावर पर्यायी गाडी देणं हा तो हक्क नव्हे. त्याला हवं तेव्हा बदलता आली पाहिजे आणि बदलण्यात त्याचा फायदाही हवा. गाडीत याच कास्टिंगसाठी रॅक वेल्ड केलेले असतील, तर दुसरी गाडी उभी करणं त्याला महागच पडणार. उलट, ‘रोज 40 टन माल पोचवू’ एवढंच लिहिलं असेल आणि तो साठ गाड्यांतली कुठलीही पाठवत असेल, तर लीज नाही. विषय तिथेच संपला.

गाड्या ठरलेल्या आणि फक्त याच फौंड्रीच्या दिमतीला असतील, तर पुढचा प्रश्न: कुठे, कधी, काय घेऊन जायचं, हे कोण ठरवतं? इथेच बहुतेक जण ड्रायव्हरकडे बोट दाखवतात. पण ड्रायव्हर गाडी फक्त चालवतो. आज चाकण की हुबळी, हे फौंड्रीचा डिस्पॅचवाला ठरवत असेल तर वापराचा ताबा फौंड्रीचा, म्हणजे करारात लीज आहे. मार्ग, वेळ आणि माल पाचही वर्षांसाठी करारातच बांधलेला असेल, तर मात्र चित्र पालटतं. मग गाडी चालवतो कोण ते बघावं लागतं, आणि ती वाहतूकदार चालवतो. गाडीची रचनाही फौंड्रीने ठरवलेली नसेल, तर ती सेवाच.

आता पैसे. दर किलोमीटरला 40 रुपये, महिन्याला 5,000 किलोमीटरची हमी. म्हणजे गाडी उभी राहिली तरी दोन लाख द्यायचेच. त्यातलं निव्वळ गाडीचं भाडं बाजारभावाने 80,000 धरू, बाकी ड्रायव्हर, डिझेल, देखभाल. 60 महिने, वार्षिक 9 टक्के दर, हप्ता महिनाअखेरीला: या हप्त्यांचं आजचं मूल्य, म्हणजे एका गाडीचं लीज दायित्व, साधारण 38.5 लाख, चार गाड्यांचं 1.54 कोटी. विभागणीचा व्याप नको म्हणून सगळे दोन लाख लीजमध्ये धरायची सवलत आहे. पण मग ताळेबंदावर 3.85 कोटींचं दायित्व चढतं. बँकेच्या कर्जाच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या.

हमीच नसेल, जेवढे किलोमीटर तेवढेच पैसे असतील, तर गंमत होते: लीज आहे, पण दायित्व शून्य. पैसे वापरावर अवलंबून असल्याने ते दर महिन्याला खर्चात जातात आणि टिपांमध्ये वेगळे दाखवावे लागतात.