यीस्ट टू-हायब्रिड आणि को-इम्युनोप्रेसिपिटेशन

दोन प्रथिने एकमेकांशी जोडली जातात की नाही हे ठरवण्यासाठी या दोन पद्धती वारंवार वापरल्या जातात. यीस्ट टू-हायब्रिडमध्ये ती दोन प्रथिने यीस्टच्या पेशीत मुद्दाम तयार करवून घेतात आणि ती जुळली तर त्या पेशीतील एक निदर्शक जनुक चालू होते. को-इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत को-आयपीमध्ये, पेशी फोडून त्यातले एक प्रथिन प्रतिपिंडाच्या साहाय्याने ओढून काढतात आणि त्याच्यासोबत दुसरे येते का ते पाहतात. वरवर पाहता दोन्ही पद्धती एकच प्रश्न विचारतात. प्रत्यक्षात पहिली विचारते की ही दोन प्रथिने एकत्र आणली तर एकमेकांना धरू शकतात का, आणि दुसरी विचारते की या पेशीत, या क्षणी, ती एकाच संकुलात आहेत का. पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार, किंवा याच्या उलट, असे निष्कर्ष त्यामुळे परस्परविरोधी असतीलच असे नाही.

यीस्ट टू-हायब्रिड ही पद्धत स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी १९८९ मध्ये मांडली. यीस्टमधील गॅल४ या प्रतिलेखन-घटकाचे दोन भाग स्वतंत्रपणे काम करतात: एक डीएनएला चिकटतो, दुसरा जनुक चालू करतो. हे भाग वेगळे केले तर जनुक बंद राहते. मात्र ते एकाच सलग साखळीत असण्याची गरज नसते, जवळ आले तरी पुरते. म्हणून एक प्रथिन पहिल्या भागाला जोडतात, त्याला आमिष म्हणतात, आणि दुसरे प्रथिन दुसऱ्या भागाला जोडतात, त्याला भक्ष्य म्हणतात. ती दोन्ही जुळली की गॅल४ पुन्हा उभा राहतो. मूळ प्रयोगात यीस्टचीच एसएनएफ१ आणि एसएनएफ४ ही प्रथिने घेतली होती. आज बहुधा निदर्शक म्हणून हिस्टिडिन बनवणारे जनुक ठेवतात. आमिषाचा प्लाझ्मिड ट्रिप्टोफॅन बनवण्याची आणि भक्ष्याचा ल्युसिन बनवण्याची क्षमता पेशीला देतो. त्यामुळे ही दोन अमिनो आम्ले नसलेल्या माध्यमावर दोन्ही प्लाझ्मिड घेतलेल्या पेशीच वाढतात, आणि हिस्टिडिनही काढून घेतले तर ज्यांच्यात जुळणी झाली आहे त्याच वसाहती उरतात.

दोन्ही पद्धतींच्या मर्यादा एकाच जोडीवर दिसाव्यात यासाठी पी५३ आणि एमडीएम२ ही जोडी फार सोयीची आहे. एमडीएम२ हे पी५३ला धरून त्याचे काम थांबवते आणि त्याचे विघटन घडवून आणते. हा संबंध १९९२ मध्ये को-आयपीतूनच पुढे आला: पी५३सोबत सुमारे ९० किलोडाल्टनचे एक प्रथिन येत होते आणि ते एमडीएम२ निघाले. एमडीएम२ पी५३च्या सुरुवातीच्या टोकाला, साधारण १८ ते २६ या अमिनो आम्लांच्या पट्ट्यावर बसते. त्यातली १९वे फिनाइलअॅलनिन, २३वे ट्रिप्टोफॅन आणि २६वे ल्युसिन ही तीन आम्ले एमडीएम२च्या खाचेत घुसतात.

समजा, कोणी पूर्ण पी५३ आमिष म्हणून घेतले. पी५३ स्वतःच प्रतिलेखन-घटक आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या टोकात जनुके चालू करणारा भाग आहे. तो यीस्टमध्येही काम करतो, म्हणून भक्ष्य नसतानाही वसाहती वाढतात. याला स्वयं-सक्रियण म्हणतात, आणि आमिषासोबत रिकामा भक्ष्य-प्लाझ्मिड घातलेली पेशी हिस्टिडिनशिवाय वाढली तर ते लगेच लक्षात येते. गळती थोडी असेल तर ३-अमिनोट्रायअॅझोल हे हिस्टिडिन-निर्मितीतील विकराला रोखणारे द्रव्य काही मिलिमोलर घालून ती दाबता येते. पी५३इतके जोरदार आमिष त्याने आवरेलच असे नाही. मग सोपा वाटणारा उपाय म्हणजे तो भाग कापून टाकणे. बाजारातील अनेक संचांमध्ये धन-नियंत्रण म्हणून पी५३चा ७२ ते ३९० हाच तुकडा आमिष असतो, आणि तो एसव्ही४० विषाणूच्या लार्ज टी प्रथिनाशी उत्तम जुळतो. पण एमडीएम२साठी हा तुकडा निरुपयोगी आहे, कारण कापलेल्या भागातच एमडीएम२ची जागा होती. येथे नकारात्मक निकाल मिळेल आणि तो पूर्णपणे आपणच घडवलेला असेल. योग्य मार्ग म्हणजे भूमिका उलटवणे: एमडीएम२ आमिष आणि पी५३ भक्ष्य. अर्थात एमडीएम२ही एकटे जनुक चालू करत नाही याची खात्री आधी करावी लागते. सोबत २२वे आणि २३वे आम्ल बदललेले पी५३ ठेवावे. ते एमडीएम२शी जुळत नाही, त्यामुळे त्याच्यासोबतही वसाहती आल्या तर प्रयोगावर विश्वास ठेवता येत नाही.

को-आयपीत अडचणी वेगळ्या ठिकाणी येतात. मानवी पेशी सौम्य अपमार्जकात, उदाहरणार्थ एक टक्का एनपी-४० आणि १५० मिलिमोलर मीठ असलेल्या द्रावणात फोडतात. एसडीएस असलेले कडक द्रावण अनेक संकुले मोडून टाकते. नंतर प्रतिपिंड आणि प्रथिन-ए किंवा प्रथिन-जी लावलेले मणी घालतात, धुतात, आणि मण्यांवर उरलेले वेस्टर्न ब्लॉटवर पाहतात. येथे प्रतिपिंडाची निवडच निकाल ठरवू शकते. पी५३साठी अत्यंत प्रचलित असलेला डीओ-१ हा प्रतिपिंड २० ते २५ या आम्लांना ओळखतो, म्हणजे नेमकी तीच जागा जी एमडीएम२ने व्यापलेली असते. डीओ-१ने पी५३ भरपूर मिळेल, पण ते मुख्यतः एमडीएम२पासून मोकळे असलेले, आणि संबंध नाही असा चुकीचा निष्कर्ष निघेल. ४६ ते ५५ ही जागा ओळखणारा पीएबी१८०१ घेतला तर ही टक्कर टळते.

उलट दिशेने, म्हणजे एमडीएम२ला ओढून पी५३ शोधतानाही एक फसगत संभवते. पी५३ची पट्टी ५३ किलोडाल्टनच्या आसपास येते आणि प्रतिपिंडाची जड साखळी सुमारे ५० किलोडाल्टनवर. दोन्ही टप्प्यांत उंदराचेच प्रतिपिंड असतील तर दिसणारी ठळक पट्टी पी५३ची नसून जड साखळीची असू शकते. हे ओळखण्याचा मार्ग म्हणजे शेजारी असंबद्ध उंदीर-प्रतिपिंडाने केलेली आयपी चालवणे: तीच पट्टी तिथेही आली तर ती पी५३ची नाही. दुसऱ्या टप्प्यात सशाचा प्रतिपिंड वापरला तर प्रश्नच मिटतो. शिवाय एमडीएम२मुळे पी५३ सतत नष्ट होत असल्याने पेशींना काही तास एमजी१३२ हे प्रोटिएझोम-रोधक देतात, नाहीतर शोधण्यापुरते पी५३ उरत नाही.

या सगळ्यानंतर मिळालेला होकारही थेट स्पर्श सिद्ध करत नाही. पेशीत एमडीएमएक्स हे प्रथिन एमडीएम२शी जोडी बनवते आणि पी५३लाही धरते. त्याच्या मध्यस्थीनेही दोन्ही एकाच मण्यावर येऊ शकतात. डीएनएची मध्यस्थी मात्र न्यूक्लिएझ घालून वगळता येते. यीस्टमध्ये एमडीएमएक्स नसल्याने तिथला होकार थेट संबंधाकडे अधिक निर्देश करतो, आणि या जोडीसाठी १९९६ मधील स्फटिकरचनेने तो स्पष्ट दाखवला. त्याची किंमत अशी की मानवी पेशीत डीएनएला इजा झाल्यावर पी५३च्या १८व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट लागते आणि एमडीएम२ची पकड सैल होते. हा बदल यीस्टच्या थाळीवर दिसण्याची अपेक्षा करता येत नाही, को-आयपीत तो इजेपूर्वी आणि नंतर घेतलेल्या नमुन्यांत मोजता येतो. म्हणून यीस्टच्या होकारासोबत को-आयपी मागण्याची सर्वसाधारण प्रथा रास्त आहे, पण दुसरी पद्धत पहिलीची निव्वळ पडताळणी करते असे मानणे बरोबर नाही. को-आयपीत होकार आणि यीस्टमध्ये नकार आल्यास, यीस्टच्या पेशीत दोन्ही संयुक्त प्रथिने खरोखर बनली का हे वेस्टर्नवर आधी पाहावे. बनली असतील, तर दोन्ही प्रथिने शुद्ध करून, पेशीतले दुसरे काहीही नसताना ती परीक्षानळीत जुळतात का, हे तपासणे हाच पुढचा प्रयोग असतो.