फोनवरचे पत्ते खरंच पिसलेले असतात का?

“तीन-तीन एक्के एकाच्याच हातात! गेम पत्ते पिसतच नाही, ठरवून हरवतो.”

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. 52 पत्ते चौघांत 13-13 वाटले, तर कुणाच्या तरी हातात तीन किंवा चारही एक्के जाणं साधारण दर सहा डावांत एकदा घडतंच. हाताने पिसताना आधीच्या डावातले पत्ते बरेचदा एकमेकांना चिकटून राहतात, आणि आपल्याला त्याचीच सवय झालेली असते.

खरी गडबड निराळ्याच ठिकाणी होते, आणि ती खेळणाऱ्याला दिसत नाही. पिसणं सुरू होतं एका गुप्त आकड्यापासून, म्हणजे सीडपासून. 1999 मध्ये एका ऑनलाइन पोकर सॉफ्टवेअरचा सीड मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून ठरायचा. म्हणजे दिवसभरात फार तर 8 कोटी 64 लाख क्रम. 52 पत्त्यांचे एकूण क्रम 68 अंकी संख्येइतके! संशोधकांनी सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवली, दिसलेले पाच पत्ते ताडून पाहिले आणि उरलेले सगळे पत्ते ओळखले.

म्हणून विश्वास ठेवण्याआधी एक गोष्ट बघा. डावाआधी सर्व्हर आपल्या सीडचा हॅश, म्हणजे सीडवरून काढलेला पण ज्यावरून सीड ओळखता येत नाही असा ठसा, जाहीर करतो का, आणि त्यानंतर तुमच्या फोनचा आकडा त्यात मिसळतो का? डाव संपल्यावर सीड उघड झाला की त्याचा हॅश तुम्हीच काढून पडताळायचा. नुसता हॅश पुरत नाही. तुमचा आकडा नसेल तर सर्व्हर सोयीचा सीड आधीच निवडून ठेवू शकतो. दोन खेळाडूंनी फोनवर बोलून केलेली मिलीभगत मात्र यातून पकडता येत नाही.